निळ्या पट्टीतली अक्षरं आणि मागचा लंबगोल स्टिकर: गाडी नेमकी कुठल्या देशाची?

गार्गी_म्युनिक

गार्दा तलावाकाठच्या पार्किंगमधल्या एका पांढऱ्या कॅम्पर व्हॅनने आमच्या घरात वाद लावून दिलाय, म्हणून हा धागा. फोटो टाकत नाही, कारण नंबर पूर्ण दिसतोय. वर्णन करते.

मागच्या नंबरप्लेटच्या डाव्या कडेला निळी पट्टी, तिच्यात ताऱ्यांचं कडं आणि खाली I. उजव्या कडेलाही तशीच निळी पट्टी, तिच्यात वर बारीक दोन अंक आणि खाली BG. शिवाय मागच्या दारावर, खालच्या कोपऱ्यात, उन्हाने पिवळट पडलेला लंबगोल स्टिकर आणि त्यावर ठळक CH. दीर म्हणतात गाडी बल्गेरियाची, कारण BG म्हणजे बल्गेरिया. नवरा म्हणतो स्वित्झर्लंडची, कारण स्टिकर मुद्दाम लावलेला असतो. मी इटलीची म्हणते, पण त्या BG चं काय, ते मला सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न याला जोडूनच. आमच्या गल्लीत एका आजोबांची जुनी मर्सिडीज आहे, तिच्यावर लंबगोल D आहे. बाकी कुणाच्याच गाडीवर नाही. हा स्टिकर नुसती हौस आहे की अजून त्याला काही काम आहे?

प्रसन्न_लंडन

लंबगोल स्टिकरचा जमाना संपला. युरोपीय संघाने १९९८ साली नियम केला की प्लेटवर निळी पट्टी आणि त्यात देशाचं अक्षर असेल तर वेगळा स्टिकर नको. तेव्हापासून निळी पट्टी दिसली की विषय मिटला. मर्सिडीजवाले आजोबा हौशी असणार. कॅम्परचं म्हणाल तर BG बल्गेरियाच, त्यात शंका नको. I हे बहुतेक भाड्याच्या कंपनीचं काहीतरी असेल.

रॉटरडॅमकर

प्रसन्न, १९९८ बरोबर आहे, पण पुढचं अर्धंच बरोबर आहे. माझी बरीच वर्षं इथे मालवाहतुकीच्या यार्डात गेली. फाटकातून आत येणारी प्रत्येक गाडी कुठल्या देशाची हे वहीत लिहावं लागायचं, त्यामुळे या अक्षरांशी जुना संबंध आहे. आधी कॅम्परचं बघू.

देश बघायचा तो फक्त डाव्या कडेच्या पट्टीत. गार्गी, तुमच्या वर्णनात तिथे तारे आणि I आहे, म्हणजे नोंदणी इटलीत. इथे खरं तर प्रश्न सुटला. उजवी पट्टी ही इटलीची स्वतःची सोय आहे. तिच्यात वर नोंदणीच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि खाली जिल्ह्याची दोन अक्षरं असतात. BG म्हणजे बेर्गामो, मिलानच्या ईशान्येला, गार्दापासून फार लांब नाही. ही उजवीकडची माहिती ऐच्छिक आहे, त्यामुळे काही इटालियन गाड्यांवर ती पट्टी नुसती निळी, कोरीच दिसेल.

इटलीच्या जिल्ह्यांची अक्षरं देशांच्या अक्षरांशी इतकी जुळतात की नवखा माणूस हमखास फसतो. रोविगोचं RO रोमानियासारखं, कातानझारोचं CZ चेकसारखं, लातिनाचं LT लिथुआनियासारखं, तेर्नीचं TR तुर्कस्तानासारखं, अलेस्सान्द्रियाचं AL अल्बेनियासारखं. आणि गंमत म्हणजे किएती जिल्ह्याचं CH. पण ते CH उजव्या पट्टीतच सापडणार, लंबगोलात कधीच नाही.

खात्री करायची असेल तर मधला नंबर बघा. १९९४ पासून इटलीत दोन अक्षरं, तीन अंक, दोन अक्षरं अशी मांडणी आहे. तुमच्या फोटोत तशीच असणार.

गार्गी_म्युनिक

हो, अगदी तशीच आहे! दोन अक्षरं, तीन अंक, दोन अक्षरं. दिरांना दाखवलं. ते म्हणतात, मग CH चं काय? तोही स्टिकर कुणीतरी लावलाच ना?

रॉटरडॅमकर

लावला, पण बहुधा आधीच्या मालकाने. स्विस गाडी इटलीत विकली गेली, नवी प्लेट लागली आणि दारावरचा स्टिकर तसाच राहिला, हे सगळ्यात संभवतं. उन्हाने पिवळट झालाय म्हणता, त्यावरूनही तो जुना वाटतो. नुसती आठवण म्हणून चिकटवलेला असेल तरी निष्कर्ष बदलत नाही.

निळी पट्टी प्लेटचाच भाग असते, प्लेट बदलली की तीही जाते. स्टिकर पत्र्यावर असतो आणि मालक, देश, रंग बदलले तरी तिथेच राहू शकतो. म्हणून दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर विश्वास प्लेटवर ठेवायचा. नियमाप्रमाणे चिन्ह ज्या देशात गाडी नोंदलीय त्याच देशाचं हवं, तेव्हा त्या इटालियन मालकाने तो CH खरवडून काढायला हवा.

आता मर्सिडीज. तिच्या प्लेटवर निळी पट्टी आहे का, ते जरा बघून सांगाल?

नाशिकचा_सारथी

माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवली, तिच्यावरही डावीकडे निळ्या रंगात IND आहे. म्हणजे आपल्याकडेही युरोपसारखीच पद्धत आली ना? मित्रांचा गाडीने नेपाळला जायचा बेत आहे, तर IND चा वेगळा स्टिकर लावायची गरज उरली नाही असं समजू का?

रॉटरडॅमकर

सारथी, दिसायला सारखं वाटतं, पण काम वेगळं आहे. आपल्या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि त्याच्या खालचं IND हे बनावट प्लेट ओळखता यावी म्हणून आहे. परदेशात गाडीचा देश दाखवणारं जे चिन्ह आंतरराष्ट्रीय करारात सांगितलंय, त्याची जागा ते बारीक IND घेत नाही. भारतातून रस्त्याने युरोपला जाणारी मंडळी मागे पांढऱ्या लंबगोलात मोठं काळं IND लावतात ते यामुळेच.

नेपाळला मात्र तुमचं काम अक्षरांवर अडणार नाही. तिथे सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरून गाडीचा परवाना घ्यावा लागतो, लक्ष कागदपत्रांकडे द्या.

शर्वरी_प्राग

जुने लंबगोल बिल्ले मी जमवते, म्हणून थोडी भर घालते.

ही पद्धत स्टिकरच्याही आधीची आहे. १९०९ च्या पॅरिस कराराने ती सुरू झाली. तेव्हा मागे लावायची लंबगोल पाटी तीस सेंटीमीटर रुंद आणि अठरा सेंटीमीटर उंच असायची, पांढऱ्यावर काळी एक-दोन अक्षरं. माझ्याकडे एक पत्र्यावर मीनाकाम केलेली पाटी आहे. हातात घेतली की कळतं, ही वस्तू लांबून दिसावी म्हणूनच बनवलेली आहे. पुढे १९४९ च्या जिनिव्हा आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारांत लंबगोलाचं माप लहान झालं. पण अक्षर किमान ८० मिलिमीटर उंच हवं, ही अट तिथेही आहे.

जुने बिल्ले बघताना हे लक्षात ठेवा की त्यांतली कितीतरी अक्षरं आज कुठल्याच देशाची नाहीत. CS म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, १९९३ पासून त्याचे CZ आणि SK झाले. YU युगोस्लाव्हिया. DDR पूर्व जर्मनी, तेही १९७४ नंतरचं, त्याआधी दोन्ही जर्मनी D च लावत. फिनलंडचं SF १९९३ मध्ये FIN झालं. उत्तर मॅसेडोनियाचं MK २०१९ मध्ये NMK झालं. आपलं IND सुद्धा १९४७ चं आहे, आधी BI होतं, ब्रिटिश इंडिया. तेव्हा एखाद्या जुन्या श्कोडावर CS दिसलं तर त्यावरून गाडीचा काळ कळेल, आजची नोंदणी कळणार नाही.

गार्गी_म्युनिक

आजोबांची मर्सिडीज पाहून आले. प्लेट पूर्ण पांढरी आहे, निळी पट्टी नाहीच! सुरुवातीला थेट M, म्युनिकचा. मग जर्मनीत पट्टी सक्तीची नाही का?

रॉटरडॅमकर

नव्या नोंदणीला सक्तीची आहे, १ नोव्हेंबर २००० पासून. त्याआधीच्या पांढऱ्या प्लेट मात्र अजूनही चालतात. गाडीची नोंदणी बदलली नाही तर जुनीच प्लेट राहते. आजोबांनी गाडी तेव्हापासून स्वतःच्याच नावावर ठेवलेली दिसते. त्यामुळे त्यांचा D हौसेचा नाही, ते ऑस्ट्रियात पाऊल टाकतात तेव्हा तो लागतो. देशाचं अक्षर प्लेटवर नसेल तर १९९८ च्या नियमाचा फायदा मिळत नाही.

प्रसन्नने सांगितलेला तो नियम नीट वाचला तर त्यात दोन अटी आहेत. पट्टीत बारा ताऱ्यांचं कडं हवं आणि देशाचं अक्षर हवं. ती मान्यता बंधनकारक आहे ती संघातल्या देशांना, संघातल्या गाड्यांसाठी. त्यामुळे नुसती 'निळी पट्टी' म्हणून भागत नाही, तारे आहेत का ते बघावं लागतं.

तुर्कस्तानच्या प्लेटवर निळी पट्टी आहे, TR आहे, तारे नाहीत. सर्बियाची SRB, बोस्नियाची BIH, तिथेही तसंच. नॉर्वे आणि युक्रेनच्या पट्टीत ताऱ्यांच्या जागी त्यांचा झेंडा. पोलंडचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. तिथे आधी पट्टीत पोलंडचा झेंडा होता, २००६ मध्ये त्या जागी तारे आले. संघात असूनही झेंड्याची जुनी प्लेट त्या नियमात बसत नाही, म्हणून तशा गाडीवर लंबगोल PL दिसला तर तो अनाठायी समजू नका.

आणि स्वित्झर्लंड. तिथे पट्टीच नाही, मागच्या प्लेटवर डावीकडे देशाची ढाल आणि उजवीकडे कँटनची, म्हणजे तिथल्या राज्याची. देशाबाहेर पडताना CH चा लंबगोल हवाच. म्हणून आजही रस्त्यावर खरा कामाचा लंबगोल म्हणून CH दिसतो. गार्गी, तुमच्या नवऱ्याचा अंदाज तसा बिनबुडाचा नव्हता. स्विस प्लेटवर देशाची ढाल असते आणि या कॅम्परच्या प्लेटवर ती नव्हती, एवढं पाहायचं राहिलं.

प्रसन्न_लंडन

ताऱ्यांचं आणि पोलंडचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग आमचं काय? माझ्या गाडीची प्लेट २०१८ ची आहे, निळी पट्टी, तारे, GB. फ्रान्समध्ये डिसेंबरात जायचंय. प्लेट तर जुन्या नियमाची आहे, ती चालायला हवी.

शर्वरी_प्राग

नाही चालणार. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर तारे असलेली GB प्लेट परदेशात देशाचं चिन्ह म्हणून ग्राह्य राहिली नाही. २८ सप्टेंबर २०२१ पासून अक्षर GB ऐवजी UK झालं. प्लेटवर तारे असले, किंवा नुसतं GB असलं, किंवा वेल्स, स्कॉटलंड, इंग्लंडचं CYM, SCO, ENG असं काही असलं, तर मागे UK चा स्टिकर लावा. प्लेटवर युनियन जॅकसह UK असेल तर फ्रान्सला तेवढं पुरतं. स्पेन, सायप्रस आणि माल्टा इथे मात्र प्लेटवर काहीही असो, स्टिकर लागतोच. आयर्लंडला लागत नाही.

आणि जुना GB स्टिकर असेल तर तो झाका किंवा काढा. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून गोंधळ वाढवू नका.

प्रसन्न_लंडन

UK चा मागवतो. चुंबकवाला की चिकटणारा?

शर्वरी_प्राग

चिकटणारा. हल्ली बऱ्याच गाड्यांचं मागचं झाकण प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर चुंबक धरत नाही. काचेवर लावू नका, बाहेर पत्र्यावर उभ्या सपाट जागेवर लावा. आणि नुसत्या पारदर्शक कागदावर छापलेली अक्षरं घेऊ नका, पार्श्वभूमी पांढरी आणि लंबगोल हवी.

समीर_श्टुटगार्ट

एक वेगळी केस. गेल्या वर्षी मी इथून जुनी गाडी घेऊन साराजेव्होच्या मित्राला पोचवली. जर्मनीची निर्यातीची प्लेट होती. तिला निळी पट्टी नसते, उजवीकडे लाल पट्टा आणि त्यात मुदतीची तारीख असते. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ऑस्ट्रियात एका पेट्रोल पंपावर ट्रकवाल्याने सांगितलं, तेव्हा तिथूनच D चा स्टिकर घेऊन लावला. पुढे कुणी काही विचारलं नाही.

पण त्याआधी एकदा माझ्या नेहमीच्या गाडीने, तारे आणि D असलेली व्यवस्थित प्लेट असताना, संघाबाहेरच्या एका सीमेवर अधिकाऱ्याने 'D कुठे आहे?' म्हणून थांबवलं. मी पट्टी दाखवली, तो मान हलवत राहिला. शेवटी सोडलं. तेव्हा खरं कुणाचं?

रॉटरडॅमकर

निर्यातीच्या प्लेटचं तुम्ही बरोबर केलंत. संघातसुद्धा तिथे D लागतो, कारण पट्टीच नाही.

दुसऱ्याबद्दल मी ठाम बोलणार नाही. व्हिएन्ना करारात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानंतर देशाचं चिन्ह प्लेटमध्येच, देशाच्या झेंड्यासह किंवा संघाच्या ताऱ्यांसह, असायला परवानगी मिळाली. त्या हिशेबाने करारातल्या देशांनी तुमची पट्टी मान्य करायला हवी. पण जुन्या १९४९ च्या करारावरच चालणारे देशही आहेत. माझ्या चालकांना मी संघाबाहेर जाताना लंबगोल लावूनच पाठवायचो.

समीर_श्टुटगार्ट

मी मात्र त्यानंतर सर्बिया, बोस्निया दोन्हीकडे बिनस्टिकर गेलो, कुणी अडवलं नाही. मला वाटतं त्या दिवशी त्या माणसाचाच मूड बिघडला होता.

रॉटरडॅमकर

शक्य आहे. तरी स्टिकर स्वस्त आहे आणि सीमेवरचा एक तास महाग.

गार्गी_म्युनिक

शेवटचं विचारते. आमची मुलगी हायवेवर पुढच्या गाड्यांचे देश ओळखायचा खेळ खेळते. लंबगोल असेल तर ती लांबूनच ओळखते. निळी पट्टी असेल तर आम्हाला फार जवळ जावं लागतं आणि नवरा ओरडतो. याला काही उपाय?

रॉटरडॅमकर

नवरा बरोबर ओरडतो, अंतर कमी करू नका. पट्टीतल्या अक्षराची किमान उंची २० मिलिमीटर आहे, लंबगोलातल्या अक्षराची ८०. जे अक्षर लंबगोलात ८० मीटरवरून वाचता येतं, तेच पट्टीत वाचायला साधारण २० मीटरवर यावं लागेल. वेगात असताना वीस मीटर म्हणजे धोकाच. त्यात पट्टीचं अक्षर चिखलाने किंवा डीलरच्या प्लास्टिक चौकटीने अर्धं झाकलेलं असतं.

म्हणून मुलीला अक्षराआधी प्लेटचा तोंडवळा शिकवा. मागे पिवळी प्लेट असेल तर आधी नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग समजायचं. नेदरलँड्सच्या नंबरात अक्षरं आणि अंकांचे गट आडव्या रेघांनी तोडलेले असतात. ब्रिटनचीही मागची पिवळी असते, पण तिथे रेघा नसतात आणि पुढची पांढरी असते. पांढऱ्यावर लालसर अक्षरं म्हणजे बेल्जियम. वर-खाली लाल रेघांची किनार म्हणजे ऑस्ट्रिया. दोन्ही बाजूंना निळी पट्टी म्हणजे फ्रान्स किंवा इटली. फ्रान्सच्या उजव्या पट्टीत विभागाचा आकडा आणि प्रदेशाचं चिन्ह असतं, आणि तो आकडा मालक आवडीने निवडतो. त्यामुळे ७५ दिसलं म्हणून मालक पॅरिसमध्येच राहतो असं नाही.

पट्टीच्या पुढे जे पहिलं अक्षर येतं ते देशाचं समजू नका. जर्मनीत S म्हणजे श्टुटगार्ट, H म्हणजे हॅनोव्हर. ऑस्ट्रियात W म्हणजे व्हिएन्ना. स्वित्झर्लंडच्या प्लेटवर GR असेल तर तो ग्राउब्युंडेन कँटन, ग्रीस नव्हे.

शर्वरी_प्राग

याला एक जोड. काही लोक पट्टीतल्या अक्षरावर स्वतःचा स्टिकर डकवतात. कातालोनियात E वर CAT लावलेल्या गाड्या दिसतात. प्लेटमध्ये असा फेरफार बेकायदा आहे आणि दंड होतो, पण खेळताना मुलीला CAT दिसलं तर तो वेगळा देश म्हणून गुण देऊ नका, ती गाडी स्पेनचीच.

गार्गी_म्युनिक

मुलीला ऑस्ट्रियाची लाल किनार लगेच पाठ झाली. दीर अजून म्हणतायत की उजव्या बाजूला देशासारखी अक्षरं छापणं हीच चूक आहे. त्यावर मात्र माझं त्यांच्याशी एकमत आहे.

नाशिकचा_सारथी

रॉटरडॅमकर, नेपाळहून पुढे गाडीने जायचं झालं तर लंबगोल IND कुठल्या मापाचा घ्यावा? आमच्याकडे दुकानात मिळणारे फार लहान वाटतात.

रॉटरडॅमकर

तीन अक्षरं आहेत, म्हणून लंबगोल किमान २४० बाय १४५ मिलिमीटर हवा. एक किंवा दोन अक्षरांना १७५ बाय ११५ पुरतो, बाजारात सर्रास मिळणारे बरेचसे त्या मापाच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. घेताना फूटपट्टी लावून अक्षराची उंची मोजा, ८० भरली पाहिजे, आणि रेघेची जाडी १०. कमी भरली तर स्टिकर छापणाऱ्याकडून माप देऊन करून घ्या.